पिवळट फोटो आणि तीन वाटा: लेअरची कॉपी, अ‍ॅडजस्टमेंट लेअर की स्मार्ट ऑब्जेक्ट?

समजा, बल्बच्या उजेडात काढलेला एक पोर्ट्रेट तुमच्याकडे आलाय. चेहरा पिवळट पडलाय, एकूण फोटो मळकट दिसतोय, कपाळावर एक पुटकुळी आहे आणि शार्पनेस जरा कमी आहे. फोटोशॉपमध्ये हे सगळं निस्तरणं अवघड नाही. पंचाईत होते ती दोन दिवसांनी, "पिवळेपणा फारच गेलाय, थोडा परत आणाल का?" असा निरोप आल्यावर. तो बदल दोन मिनिटांत होईल की पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा करावा लागेल, हे फाइल कशी बांधली होती त्यावर ठरतं.

बहुतेक जण Ctrl+J दाबून बॅकग्राउंडची कॉपी करतात आणि सगळं काम त्या कॉपीवर करतात. मूळ फोटो शाबूत राहतो, त्यामुळे वाटतं की आपण सुरक्षित आहोत. पण कॉपीवर Image > Adjustments मधून Levels लावलं की पिक्सेल कायमचे बदलतात. मळकटपणा घालवायला पांढऱ्याचा स्लायडर 255 वरून 225 वर आणला, असं धरू. आता ज्या पिक्सेलची किंमत 230 होती तोही 255 झाला आणि ज्याची 250 होती तोही 255 झाला. दोघांतला फरक पुसला गेला. नंतर कितीही उलटं Levels लावा, गालावरच्या उजळ भागातला तपशील परत येत नाही, तिथे सपाट राखाडी पट्टा मिळतो. हिस्टरीतून मागे जाता येतं, पण फाइल बंद केली की हिस्टरी संपली.

मग कॉपीची ओपॅसिटी कमी करावी? करून बघा. पिवळेपणा थोडा परत येईल, पण त्याच्यासोबत पुटकुळीही परत डोकं वर काढेल, कारण दोन्ही कामं एकाच लेअरवर झालीत. शिवाय 6000 × 4000 पिक्सेलचा 8 बिट आरजीबी फोटो असेल, तर प्रत्येक पूर्ण कॉपी कॉम्प्रेशनशिवाय सुमारे 72 एमबी खाते. अशा चार-पाच कॉप्या झाल्या, त्यांची नावं 'Layer 1 copy 3' अशी पडली, की कोणत्या लेअरवर काय केलं होतं ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

अ‍ॅडजस्टमेंट लेअरमध्ये पिक्सेल नसतातच. खालच्या लेअर्सवर काय गणित लावायचं एवढंच त्यात असतं, म्हणून मास्क रंगवलेला नसेल तर फाइलचा आकार जेमतेम वाढतो. आपल्या फोटोसाठी एक Curves लेअर घ्यायचा, त्यात Blue चॅनेल निवडून मधला बिंदू थोडा वर उचलायचा. निळा वाढला की पिवळा उतरतो. मळकटपणासाठी दुसरा, वेगळा Levels लेअर. दोन दिवसांनी निरोप आला, की फक्त त्या Curves लेअरची ओपॅसिटी 100 वरून 70 वर आणायची. पुटकुळी, उजेड, बाकी काहीही हलत नाही. दातांवर निळसर झाक आली असेल, तर त्याच लेअरच्या मास्कवर तेवढाच भाग काळ्या ब्रशने रंगवायचा; चुकून जास्त रंगवला तर पांढऱ्याने परत.

रंग आणि उजेड यांच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: अ‍ॅडजस्टमेंट लेअर असताना दुसरं काही शोधू नका. त्याची मर्यादा एवढीच की शार्पन, ब्लर किंवा आकार बदलणं त्याला जमत नाही. Shadows/Highlights सुद्धा अ‍ॅडजस्टमेंट लेअर म्हणून मिळत नाही.

तिथे स्मार्ट ऑब्जेक्ट लागतो. लेअरवर राइट क्लिक करून Convert to Smart Object केलं, की मूळ चित्र एका पाकिटात बंद होतं आणि बदल पाकिटावर बाहेरून लागतात. Unsharp Mask लावलं तर ते लेअरखाली स्मार्ट फिल्टर म्हणून दिसतं. नावावर डबल क्लिक केलं की आधीचेच आकडे समोर येतात आणि बदलता येतात. आकाराचंही तसंच. साधा लेअर 10 टक्क्यांवर आणून पुन्हा मोठा केला तर तो धूसर होतो. स्मार्ट ऑब्जेक्ट मूळ पिक्सेल असतील तितका स्पष्ट परत येतो.

याची किंमत मात्र मोजावी लागते. फाइल जड होते, उघडायला वेळ लागतो. एका ऑब्जेक्टवरच्या सगळ्या स्मार्ट फिल्टर्सना मिळून एकच मास्क मिळतो, त्यामुळे डोळे शार्प आणि केस मऊ असं दोन फिल्टर्सनी करायचं झालं तर अडचण होते. आणि त्यावर थेट ब्रश चालवता येत नाही. प्रयत्न केला तर रास्टराइज करू का असं विचारणारी चौकट येते. घाईत OK दाबलं की फिल्टर्स पिक्सेलमध्ये मुरले, पुन्हा पहिल्या वाटेवर आलात.

आता पुटकुळीकडे येऊ, कारण गोची इथेच होते. ती काढायला रिकामा लेअर घ्यायचा आणि Healing Brush मध्ये Sample समोर Current & Below निवडायचं. दुरुस्ती वेगळ्या लेअरवर, म्हणजे केव्हाही पुसता येईल. पण हा लेअर खालचे पिक्सेल उचलूनच बनलाय, आणि उचलताना ते जसे दिसत होते तसेच राहतात. खालच्या स्मार्ट ऑब्जेक्टवर Camera Raw Filter लावून रंग सुधारला असेल, वर असा ठिगळाचा लेअर असेल आणि नंतर खालचं फिल्टर बदललं, तर चेहरा बदलतो पण ठिगळ जुन्याच रंगाचं राहतं. कपाळावर फिकट डाग उमटतो. तो लगेच दिसत नाही. 100 टक्के झूम करून ठिगळाच्या लेअरचा डोळा चालू-बंद केला की कळतो. All Layers निवडून वरचे अ‍ॅडजस्टमेंट लेअर्सही उचलले, तर उलट घडतं: रंगाची दुरुस्ती त्या जागी दोनदा लागते आणि डाग निळसर होतो.

म्हणून या फोटोला मी रिकामा हीलिंग लेअर, स्मार्ट ऑब्जेक्ट आणि अ‍ॅडजस्टमेंट लेअर असं तिन्ही वापरेन, पण क्रम ठरवून. आधी बॅकग्राउंडवर रिकामा हीलिंग लेअर. मग दोन्ही निवडून त्यांचा मिळून एक स्मार्ट ऑब्जेक्ट. त्यावर Unsharp Mask. सगळ्यात वर Levels आणि Curves. नंतर आणखी एखादा डाग दिसला, तर ऑब्जेक्टच्या चित्रावर डबल क्लिक करायचं, आतली फाइल वेगळ्या टॅबमध्ये उघडते, तिथे हीलिंग लेअरवर काम करून Ctrl+S. आत शार्पनिंग दिसत नाही, आणि तेच हवंय. तिथे Save As करून दुसरीकडे ठेवलं, तर मुख्य फाइलला त्याचा पत्ताच लागत नाही.

फोटोची रॉ फाइल असेल तर ती Camera Raw मधून स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणूनच उघडा. बल्बचा पिवळेपणा तिथे केल्विनमध्ये, मूळ डेटावरच सुधारता येतो. जेपीजीवर तोच स्लायडर नुसता उणे 100 ते अधिक 100 असा चालतो. फक्त अशा ऑब्जेक्टवर डबल क्लिक केलं की Camera Raw उघडतं, लेअर्स नाहीत. त्यामुळे पुटकुळी तिथल्याच हीलिंग टूलने काढा, नाहीतर वर हीलिंग लेअर घेण्याआधी व्हाइट बॅलन्स पक्का करा.

आणि एखादाच फोटो असेल, फक्त थोडा उजळ करून लगेच पाठवायचा असेल, तर एक Curves लेअर पुरे. स्मार्ट ऑब्जेक्टच्या भानगडीत पडू नका. पीएसडी तेवढी जपून ठेवा. जेपीजीमध्ये यातलं काहीच उरत नाही.