रिक्वायर्ड रनरेट: चेंडूंनी काढावा की षटकांनी?

पेडण्यात गुणलेखनाला बसणारा माझा भाचा गोंधळला होता. लक्ष्य १५८, १३.४ षटकांत १०१. हव्यात ५७ धावा. त्याने २० मधून १३.४ वजा करून ६.६ षटकं काढली आणि रेट आला ८.६४. पण षटकात चेंडू सहाच, मग ६.६ कुठून येणार? बिंदूनंतरचा आकडा पाचाच्या वर दिसला की तिथेच थांबावं.

चेंडूंची रीत: १३ × ६ + ४ = ८२. उरले १२० − ८२ = ३८. मग ५७ × ६ ÷ ३८ = ९.००. भागाकार एकदाच, तोही शेवटी.

षटकांची रीत: उरली ६.२ षटकं, म्हणजे ६ पूर्णांक २/६, अर्थात ६.३३३. ५७ ÷ ६.३३३ = ९.००. कॅल्क्युलेटरवर हे झटपट होतं, पण थेट ६.२ ने भागलं तर ९.१९ येतं. ही चूक वाईट, कारण उत्तर खरं वाटतं.

पडताळा दोन्हींना एकच: ९ × ३८ ÷ ६ = ५७.

मैदानावर कागद-पेन्सिलीने लिहिणाऱ्याने चेंडूच मोजावेत. एक्सेलमध्ये तक्ता करणाऱ्याला षटकांची रीत चालेल, फक्त चेंडूंचा रकाना वेगळा ठेवावा.