लॉटचा साठा की रोलचा?

धुळ्यातल्या एका प्रोसेस हाऊसचं, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं, उदाहरण घेऊ. नेव्ही पॉपलिनचे १०० मीटरचे १० रोल गोदामात आहेत. ईआरपी सॉफ्टवेअरमध्ये लॉटनुसार, म्हणजे सगळे रोल एकत्र धरून, नोंद असेल तर स्क्रीनवर एकच ओळ दिसते: १,००० मीटर. ५०० मीटरची ऑर्डर आली की सेल्सवाला बिनधास्त 'हो' म्हणतो.

रोलनुसार नोंदीत तोच माल वेगळा दिसतो. तपासणी टेबलावर ६ रोल अ शेडचे निघाले, ४ ब शेडचे. अ मधल्या दोघांची रुंदी ५८ ऐवजी ५६ इंच. म्हणजे एका शेडचा, पूर्ण रुंदीचा माल ४०० मीटरच! लॉटवाल्याचा माल मात्र परत येतो, कारण शर्टाची बाही एका शेडची, पाठ दुसऱ्या शेडची.

रोलपद्धतीत कटकट आहेच. प्रत्येक रोलला लेबल, मोजलेली रुंदी, ग्रेड. रोल कापला की उरलेल्या तुकड्याला नवा नंबर. हे शेवटचं चुकलं की साठा कागदावरच राहतो. ग्रे कापडाला मी लॉटच ठेवीन, रंगवलेल्याला रोलच. आणि शेड, ग्रेड तपासणीनंतरच भरायचे, अंदाजाने आधी नाही.