कन्नड सबटायटलमुळे व्ह्यूज वाढले म्हणून आमच्याकडून पैसे उकळले

निपाणी भागात आम्ही काही जण उसाच्या शेतीचं मराठी यूट्यूब चॅनल चालवतो. बेळगावच्या एका एजन्सीने सांगितलं, कन्नड सबटायटल टाकलीत तर अथणी, गोकाकपर्यंतचे शेतकरी बघतील, वॉच टाइम दीडपट होईल. पैसे आगाऊ घेतले. ऑगस्ट संपताच रंगीत अहवाल हातात: जूनपेक्षा रीच आणि वॉच टाइम दोन्ही दीडपटीच्या वर. "दादा, आकडे बघा की!"

आकडे खरे होते. खोटं होतं ते त्यांचं कारण. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते, त्यामुळे बेणं आणि बेणेप्रक्रियेचे आमचे व्हिडिओ दरवर्षी याच काळात चढतात. एजन्सीने सबटायटलसाठी नेमके तेच निवडले होते. मागच्या वर्षीचा जून-ऑगस्टचा आलेख शेजारी ठेवला, तर सबटायटल नसतानाही तसाच चढ दिसला.

मग YouTube Studio च्या Analytics मध्ये Advanced mode उघडून Traffic source बघितलं. तिथे YouTube advertising ची ओळ होती, आणि आम्ही तर जाहिरात कधीच दिली नव्हती. सार्वजनिक व्हिडिओची जाहिरात कुणीही आपल्या गुगल अ‍ॅड्स खात्यातून चालवू शकतो. विचारल्यावर एजन्सीने मान्य केलं की आमच्याच पैशातला काही भाग तिकडे घातला होता. त्या ओळीतले व्ह्यूज पुष्कळ, पण माणूस सरासरी काही सेकंदच थांबलेला. अहवालात मात्र हे सगळं 'कन्नड प्रेक्षक' म्हणून मोजलेलं!

त्याच ठिकाणी Subtitles and CC नावाची विभागणी आहे. कोणत्या भाषेचं सबटायटल चालू ठेवून किती बघितलं गेलं, ते त्यात कळतं. कन्नडचा वाटा शंभरात दोन-तीनसुद्धा भरला नाही. एजन्सीने त्यातूनही वाट काढली: "पण ते लोक जास्त वेळ बघतात." बघतातच. जो मुद्दाम सबटायटल चालू करतो, तो आधीच मन लावून बघणारा असतो. सबटायटलने त्याला थांबवून धरलं, असं त्यावरून सिद्ध होत नाही. आणि अक्षरं चित्रातच छापलेली असतील, तर या विभागणीत ती दिसतच नाहीत. एजन्सी तशी देत असेल तर जपा.

नंतर आम्ही स्वतः मोजलं. एकाच विषयाच्या, एकाच हंगामात टाकायच्या व्हिडिओंच्या जोड्या लावल्या. कन्नड .srt फाइल कुणाला, ते नाणं उडवून ठरवलं, म्हणजे निवड कुणाच्याच हातात राहिली नाही. प्रत्येकाचे पहिल्या 28 दिवसांचे आकडे घेतले, जाहिरातीची ओळ वगळून. सबटायटल असलेल्या आणि नसलेल्या व्हिडिओंत जेवढा फरक पडला, तेवढा सबटायटल नसलेल्या दोन व्हिडिओंतही एरवी पडतोच. थोडासा फायदा असेलही. तो आमच्याएवढ्या लहान चॅनलवर पकडता येत नाही. पण दीडपट वाढ असती तर ती लपली नसती.

हे सगळे स्क्रीनशॉट एजन्सीला पाठवले आणि पैसे परत मागितले. तेव्हापासून ते फोन उचलत नाहीत. ऐकतो, तोच रंगीत अहवाल आता चिकोडीच्या एका चॅनलवाल्याला दाखवताहेत.