रंगावरून बेरीज करायची की शेजारी एक कॉलम टाकायचा?

रावेर-सावद्याकडं केळीच्या हिशोबाची शीट उघडली की बहुतेक वेळा हेच दिसतं, पैसे यायचे असले की सेल पिवळा, आले की हिरवा, आणि महिनाअखेरीला प्रश्न एकच, पिवळ्याची बेरीज फॉर्म्युल्यानं येईल का. साध्या फॉर्म्युल्यानं नाही येत भाऊ. एक्सेलचा फॉर्म्युला सेलमध्ये काय लिहिलंय ते वाचतो, वरून कोणता रंग मारलाय ते SUMIF ला दिसतच नाही. वर रंग बदलणं म्हणजे एक्सेलच्या हिशोबी डेटा बदलणं नाही, त्यामुळं पुन्हा गणितही होत नाही.

आता कोणी म्हणेल मॅक्रोनं होतं की. होतं, Interior.Color वाचणारं फंक्शन लिहिता येतं, पण पिवळ्याचा हिरवा केला तरी जुनाच आकडा तसाच बसून राहतो, Ctrl+Alt+F9 मारलं तर हलतो, आणि हे ज्याला माहीत नाही तो चुकीचाच आकडा धरून व्यापाऱ्याला फोन लावतो. शिवाय फाईल .xlsm ठेवावी लागते, मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाही, आणि कंडिशनल फॉरमॅटिंगनं आलेला रंग Interior.Color ला दिसत नाही तो नाहीच.

एकदाच आकडा बघायचा असेल तर मॅक्रोपण नको. रंगावर फिल्टर लावा आणि खाली SUBTOTAL(109,C2:C6) टाका, दिसतात तेवढ्याच ओळींची बेरीज येते. फिल्टर काढला की परत सगळ्यांची.

पण दर महिन्याला लागणार असेल तर मी तरी हेल्पर कॉलमच सांगेन. समजा C मध्ये पाच गाड्यांची रक्कम आहे, 42000, 38500, 51000, 27500, 46000, आणि पहिली नि चौथी बाकी. D मध्ये प्रत्येकीसमोर "बाकी" किंवा "जमा" लिहायचं, मग

```
=SUMIF(D2:D6,"बाकी",C2:C6)
```

उत्तर 69500. पैसे आले, शब्द बदलला, आकडा लगेच बदलला.

रंग सोडायचा नाहीये, त्याला फक्त शब्दाच्या मागं चालवायचंय. A2:D6 सिलेक्ट करून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये =$D2="बाकी" दिलं की ओळ आपोआप पिवळी होते (आधी हातानं मारलेला रंग काढून टाका, नाहीतर जमा झालेली ओळही पिवळीच दिसेल).

जुनी शीट मोठी असेल तर एकेक ओळ लिहित बसू नका, रंग काढायच्या आधीच पिवळ्यावर फिल्टर लावा, D मधले दिसणारे सेल Alt+; नं निवडा, "बाकी" टाईप करून Ctrl+Enter.

घोळ होतो तो टायपिंगचा. "बाकी" पुढं एक स्पेस पडली तरी ती ओळ बेरजेतून गुपचूप गळते, म्हणून डेटा व्हॅलिडेशननं दोनच शब्दांची लिस्ट द्या आणि बाजूला C ची एकूण वजा बाकी वजा जमा असा सेल ठेवा. तिथं शून्य नसलं तर एखाद्या ओळीत शब्द चुकलाय किंवा टाकायचाच राहिलाय.