“सगळं बंद आहे” या उत्तरानंतर: तोच प्रश्न पुन्हा न विचारण्याची पद्धत, आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंटरनेट जोडणीच्या तक्रारी चॅटवर घेणाऱ्या डेस्कवर ही पद्धत आठ महिने रोज वापरून झाली. नियम एका ओळीचा आहे: खुलाशासाठी एक प्रश्न विचारला आणि त्यावरही मोघम उत्तर आलं, तर तो प्रश्न त्याच रूपात दुसऱ्यांदा पाठवायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात बोट आपोआप जुनाच प्रश्न कॉपी करायला जातं, आणि साठवलेल्या उत्तरांची यादी समोर असेल तर ते आणखी लवकर जातं.

रोजचा नमुना असा असतो. ग्राहक लिहितो, “नेट चालत नाही सकाळपासून.” डेस्क विचारतं, “राउटरवरचे कोणते दिवे लागले आहेत?” उत्तर येतं, “सगळं बंद आहे हो, लवकर करा, काम अडलंय.”

सगळ्यात आधी वेळ पाहायची. आपला प्रश्न गेल्यावर तीन-चार सेकंदांतच हा संदेश आला असेल, तर ते उत्तर नसून आधीच टाइप होत असलेलं पुढचं वाक्य असतं. प्रश्न अजून वाचलेलाच नाही. अशा वेळी मिनिटभर थांबलं की बहुतेकदा खरं उत्तर येतं. घाईने दुसरा प्रश्न टाकला तर दोन प्रश्न उभे राहतात आणि पुढे येणारं “हो” कोणत्या प्रश्नाचं, हे कुणालाच सांगता येत नाही.

ते खरोखर उत्तर असेल, तर त्यातून काय हाती लागलं ते शोधायचं. “सगळं बंद” याचे इथे निदान दोन अर्थ निघतात. एक, राउटरला वीजच नाही, एकही दिवा नाही. दोन, दिवे आहेत, पण घरातल्या एकाही उपकरणावर नेट नाही. “कोणते दिवे लागले आहेत?” या प्रश्नात गृहीत धरलं होतं की समोरच्याला दिव्यांची नावं माहीत आहेत. ती माहीत नसतील तर तोच प्रश्न दहा वेळा विचारूनही उपयोग नाही. चूक प्रश्नाच्या आकारात असते, आणि पद्धतीचा गाभा तिथेच आहे: मजकूर बदलण्याआधी उत्तर देण्याची रीत बदला. नाव सांगायला लावू नका, दोनांतलं एक निवडू द्या. त्यानेही भागलं नाही तर दाखवू द्या.

म्हणून पुढचा संदेश असा जातो: “काम अडलंय, तर आधी एकच गोष्ट पाहू. राउटरवर एखादा तरी दिवा दिसतोय, की पूर्ण अंधार आहे?” पहिल्या दोन शब्दांत ग्राहकाचेच शब्द परत आलेत, त्यामुळे त्याचं म्हणणं वाचलं गेलं हे त्याला कळतं. प्रश्नही असा आहे की त्याला नुसतं “हो” म्हणून चालत नाही.

हे “हो” या पद्धतीतलं सर्वात मोठं दुखणं. सुरुवातीला आम्ही अंदाज बांधून विचारायचो, “म्हणजे राउटर चालू आहे, पण नेट नाही, बरोबर?” घाईतला माणूस कशालाही “हो” म्हणतो. त्याला संवाद पुढे न्यायचा असतो, तपासणी करायची नसते. नकारार्थी प्रश्न तर टाळाच. “लाल दिवा लागत नाहीये ना?” याला “हो” आलं तर दिवा लागतोय की नाही? मराठीत ते “हो, लागत नाहीये” असंही असतं आणि “हो, लागतोय” असंही. बोलताना न कळलेलं पुन्हा विचारून दुरुस्त करून घेण्याच्या रीतींचा 12 भाषांमधला एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की ऐकणारा शक्य तितका नेमका दुरुस्तीचा प्रश्न निवडतो, नुसतं “काय?” म्हणणं ही शेवटची पायरी. चॅटवर मात्र नेमका प्रश्न आणि होकार मागणारा प्रश्न यांतला फरक जपावा लागतो.

“झालं” हा शब्दही असाच फसवा. “बंद करून चालू करा” यावर “झालं” आलं, तर सांगितलेलं केलं की नेट सुरू झालं? आता आम्ही सूचनेतच लिहितो: “चालू केल्यावर दोन मिनिटांनी कोणतंही एक पान उघडून पाहा, उघडलं का ते सांगा.”

दुसऱ्या प्रश्नाला “आहे एक” असं उत्तर आलं की फोटो मागायचा. त्याच्याही अटी आहेत. फ्लॅश बंद ठेवायला सांगा, नाहीतर चकाकीत दिवे दिसत नाहीत. दिव्याखालची अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून घ्यायला सांगा. आणि फोटोत दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय हे कळत नाही, हे आम्हाला उशिरा सुचलं. फायबरच्या जोडणीत तोच फरक कामाचा असतो: पॉन लिहिलेला दिवा स्थिर असेल तर यंत्राची पलीकडच्या यंत्रणेत नोंद झालेली असते, लुकलुकत असेल तर नोंद अजून चालू आहे किंवा अडली आहे. एलओएसचा दिवा लाल असेल तर प्रकाशाचा सिग्नलच पोहोचत नाही किंवा फार क्षीण आहे, मग ग्राहकाला आणखी काही विचारत बसण्यात अर्थ नाही, माणूस पाठवावा. म्हणून फोटोऐवजी पाच सेकंदांचा व्हिडिओ मागणं बरं.

“पूर्ण अंधार” असं आलं तर प्रश्न नको, कृती द्या: त्याच सॉकेटला फोनचा चार्जर लावून फोन चार्ज होतो का पाहा. होत असेल तर राउटर किंवा त्याचा अडॅप्टर, नसेल तर सॉकेट.

संयम मनात किती आहे हे ग्राहकाला दिसत नाही, शब्दांत दिसतो. “मी आधी विचारलं होतं त्याप्रमाणे”, “कृपया नीट सांगा”, “पुन्हा एकदा विचारतो” ही तीन वाक्यं साठवलेल्या उत्तरांतून आम्ही काढून टाकली. तिन्ही चूक ग्राहकाच्या पदरात टाकतात. “सांगितलं ना” मधला तो छोटासा “ना” सुद्धा वाचणाऱ्याला टोचतो.

कुठे पद्धत तोकडी पडते? ग्राहक क्रमांकासारखी माहिती अंदाजाने निवडायला देता येत नाही. तो पुन्हा मागावाच लागतो, पण या वेळी तो कुठे छापलेला आहे ते सांगून. दुसरी अडचण परत न फिरवता येणाऱ्या कृतींची. “रीस्टार्ट” सांगितलं आणि समोरच्याने “रीसेट” समजून मागच्या छिद्रात टाचणी घातली, तर राउटरमधली सगळी सेटिंग्ज पुसली जातात. उत्तर मोघम असताना असली कृती सुचवूच नये. फार तर इतकंच: “अडॅप्टर सॉकेटमधून काढा, 30 सेकंदांनी परत लावा, राउटरवरचं काहीही दाबू नका.”

आणि तिसरं उत्तरही तितकंच मोघम आलं, तर चॅट थांबवून फोन लावायचा. सुरुवातीला आम्ही चौथा, पाचवा प्रश्न नव्या रूपात पाठवत राहिलो. प्रत्येक प्रश्न सभ्य होता, आणि ग्राहकाला मात्र तीच उलटतपासणी वाटत होती.