एसबीएलसीच्या नावाखाली माझे ६३ लाख गेले, निर्यात करणाऱ्यांनी जरूर वाचा

हे लिहायला मला आठ महिने लागले. लाज वाटत होती. तासगाव भागात बेदाण्याच्या धंद्यात एकवीस वर्षं काढलेल्या माणसाने असं फसावं, हे घरच्यांनाही सांगवत नव्हतं. पण गेल्या महिन्यात ओळखीच्या एका हळदवाल्याला अगदी तसाच कागद दाखवला गेला, म्हणून आता गप्प बसत नाही.

२०२३ मध्ये मुंबईच्या एका दलालामार्फत दुबईचा ग्राहक आला. दोन कंटेनर, ३८ टन बेदाणा, टनाला १,९५० डॉलर. एकूण ७४,१०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या ८३च्या दराने ६१ लाख ५० हजार ३०० रुपये. पैसे बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या, तारखेपासून ६० दिवसांनी. उधारीला मी तयार नव्हतो. तेव्हा त्याने आधी बँक गॅरंटी देऊ केली आणि मी नको म्हणताच एसबीएलसी, म्हणजे स्टँडबाय लेटर ऑफ क्रेडिट.

मी गॅरंटी का नाकारली, तेही सांगतो, कारण तो निर्णय आजही मला चूक वाटत नाही. त्याने पाठवलेल्या गॅरंटीच्या मसुद्यात कायदा तिकडचा, मुदत तिकडे संपणार आणि क्लेमही तिकडच्याच काउंटरवर करायचा. वर ‘करार मोडल्याचे सिद्ध झाल्यास’ असे शब्द. सिद्ध कुणी करायचं, मी तासगावात बसून? एसबीएलसी हा एलसीच्याच घराण्यातला कागद. बहुतेक आयएसपी ९८ या आंतरराष्ट्रीय नियमांखाली निघतो, आपल्याकडची बँक त्यावर कन्फर्मेशन, म्हणजे स्वतःचीही हमी, घालू शकते, आणि ‘पैसे आले नाहीत’ एवढं माझं लेखी निवेदन व बिलाची प्रत दिली की बँकेने फक्त कागद तपासून पैसे द्यायचे. चांगली, मागताक्षणी देय असलेली गॅरंटीही जवळपास हेच काम करते. खरा फरक नावात नसतो, तो मसुद्यातल्या शब्दांत आणि कोणते नियम लावलेत त्यात असतो.

शिवाय हा शब्द मी भाच्याकडून ऐकला होता. तो न्यू जर्सीत दुकानगाळे भाड्याने देणाऱ्या कंपनीत आहे. ‘मामा, आमच्याकडे मोठ्या भाडेकरूकडून रोख डिपॉझिटपेक्षा एसबीएलसी घेतात,’ असं तो म्हणाला होता. भाडेकरू दिवाळखोरीत गेला की रोख डिपॉझिट कोर्टकचेरीत अडकायची भीती असते. एसबीएलसीचे पैसे मात्र बँक स्वतःच्या खिशातून देते, त्यामुळे घरमालकाला भाडेकरूच्या दिवाळखोरीकडे बघत बसावं लागत नाही. कागद दर वर्षी आपोआप वाढतो, आणि बँकेने ‘वाढवणार नाही’ असं कळवलं तर घरमालक लगेच पैसे उचलू शकतो. हे सगळं मी लक्षात ठेवलं. त्याने पुढे सांगितलेलं विसरलो: त्यांची कंपनी बँक कोणती, तिचं रेटिंग काय, आपल्या शहरात शाखा आहे का, हे बघितल्याशिवाय कागद हातातसुद्धा घेत नाही.

दलालाने ‘स्विफ्टचा खर्च’, म्हणजे बँकांच्या आपसातल्या संदेशजाळ्याचा खर्च, म्हणून १ लाख ८५ हजार मागितले. मी दिले. एसबीएलसी काढायचा खर्च ती आपल्या बँकेतून काढून देणाऱ्या ग्राहकाचा असतो. माल विकणाऱ्याकडे कुणी तो मागितला तर तिथेच फोन ठेवा.

बारा दिवसांनी माझ्या बँकेतून फोन आला, ‘तुमचं आलंय, घेऊन जा.’ हेच ते शब्द. तो दिवस मी रोज आठवतो. खिडकीवरच्या मुलाने दोन पानांचा प्रिंट आणि वर बँकेचं एक कव्हरिंग पत्र दिलं. प्रिंटमध्ये एसबीएलसीचा पूर्ण मजकूर, माझ्या फर्मचं नाव, ७४,१०० डॉलरचा आकडा. पण पहिल्याच ओळीत संदेशाचा प्रकार होता `MT999`. खरी एसबीएलसी येते `MT760` मध्ये. त्यात `22D` या रकान्यात स्टँडबाय असेल तर `STBY` आणि गॅरंटी असेल तर `DGAR` असं छापलेलं असतं. ९९९ हा मोकळा संदेश आहे. दोन बँकांनी एकमेकींना संदेश पाठवायला दिलेली परवानगी, जिला आरएमए म्हणतात, ती नसली तरी तो पाठवता येतो आणि त्याची खातरजमा झालेली नसते. पाठवणारी ‘बँक’ कुठल्याशा बेटावर नोंदलेली होती. माझ्या बँकेचा तिच्याशी आरएमए नव्हताच. खरी बँक असती तर तिने मधल्या तिसऱ्या बँकेमार्फत ७६० पाठवला असता.

आणि कव्हरिंग पत्रात लहान अक्षरात लिहिलं होतं की संदेशाची सत्यता तपासलेली नाही आणि बँकेवर कोणतीही जबाबदारी नाही. मी ते वाचलं नाही. बँकेचा गोल शिक्का बघितला, पत्र फाइलमध्ये लावलं आणि गाडी गोदामाकडे वळवली. पण ‘तुमचं आलंय’ म्हणणाऱ्या माणसाने ‘हे खरं नाही, यावर माल सोडू नका’ एवढं एक वाक्य का म्हणू नये? वीस वर्षं त्याच बँकेत माझं खातं आहे.

एसबीएलसीचा धोका इथेच समजून घ्या. नेहमीच्या एलसीत बिल ऑफ लेडिंग बँकेमार्फत जातं, कागद बरोबर असले की पैसे. स्टँडबाय ही फक्त मागची हमी, म्हणून ओरिजिनल कागद थेट ग्राहकाकडे जातात. मी तिन्ही ओरिजिनल कुरियरने पाठवली. माल जेबेल अलीला उतरला, त्याने सोडवला. हमी खोटी असेल तर तुमच्या हातात ना माल, ना कागद.

एकसष्टाव्या दिवशी मी क्लेमचं पत्र घेऊन बँकेत गेलो. साहेब म्हणाले, ‘आम्ही हे ॲडव्हाइस केलेलंच नाही, म्हणजे खरेपणा तपासून कळवलेलं नाही, फक्त पुढे पाठवलं.’ बेटावरच्या बँकेला तीन मेल केले, उत्तर नाही. ग्राहकाचा फोन बंद. दलालाने ऑफिस सोडलेलं.

पोलीस ठाण्यात गेलो तर ‘हा दिवाणी व्यवहार आहे, सायबरला जा.’ सायबरवाले म्हणाले, ‘ओटीपी दिला का? लिंक उघडली का? मग आमच्याकडे कसं?’ आर्थिक गुन्हे शाखेत चार चकरा मारल्या. एका अधिकाऱ्याने मला विचारलं, ‘एसबीएलसी म्हणजे कर्ज का?’ त्याला मी कागदावर चौकोन काढून समजावलं, आणि पुढच्या चकरेला त्याची बदली झालेली. बँकेच्या वरिष्ठ तक्रार कक्षाने एका परिच्छेदात हात झटकले, त्याच लहान अक्षरांचा दाखला देऊन. चूक माझी होती हे मान्य. पण फसवणाऱ्याचं नाव, बँक खातं, बिल ऑफ लेडिंगचा नंबर हातात असताना साधा एफआयआर सात महिने नोंदला जात नाही, हे कुठल्या कायद्यात बसतं?

कन्फर्मेशन मागा. आपल्या बँकेने नकार दिला तर तो नकार हेच उत्तर समजा. ‘ॲडव्हाइस केली का’ हे बँकेकडून लेखी घ्या, तोंडी नको. निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणारी ईसीजीसीची विमा पॉलिसी मी घेतली नव्हती, एसबीएलसी आहे मग कशाला, म्हणून. तीही चूकच.

आता सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट. निर्यातीचे पैसे नऊ महिन्यांत देशात आणायचा नियम होता. ते आले नाहीत, म्हणून निर्यातीचे पैसे आले का यावर नजर ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या यंत्रणेत माझी दोन शिपिंग बिलं थकीत दिसतात. त्याबद्दल खुलासा मागणारं तिसरं पत्र परवा आलं. पाठवणारी शाखा तीच, खिडकी तीच, आणि खाली तोच गोल शिक्का. या वेळी मी लहान अक्षरांसकट सगळं वाचलं. उत्तर द्यायला पंधरा दिवसांची मुदत आहे.