तेरची मृण्मूर्ती: पीएलए की रेझिन?

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या सातवाहनकालीन मृण्मूर्तीची थ्रीडी प्रिंटरवर केलेली प्रतिकृती वर्गात हाताळायला हवी, पण पीएलए या प्लास्टिकची की प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनची, असं एका बाईंनी विचारलं.

पीएलए स्वस्त आणि पडझड सोसणारं. पण ०.२ मिमीच्या थरांच्या रेषा बोटांना लागतात, आणि अंध मुलाला त्या कुंभाराच्याच वाटतात. शिवाय साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं. मराठवाड्यातल्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका.

रेझिनमध्ये ०.०५ मिमीचा थर, त्यामुळे दागिन्यांचे मणीसुद्धा वेगळे लागतात. मात्र पडलं की तुकडा उडतो. धुऊन यूव्ही प्रकाशाखाली पक्कं न केलेलं चिकट रेझिन मुलांच्या हाती नको.

दोन्हींवर ब्रेलसह लिहा: ‘प्रतिकृती, दुप्पट आकार, मूळ भाजक्या मातीची’, पीएलएवर ‘आडव्या रेषा प्रिंटरच्या’ हेही.

शाळाशाळांत फिरवायची तर पीएलए. टेबलावर बसून बारकावे चाचपायचे तर रेझिन.